मदत हवी आहे: दुकानाच्या साइटचं 404 पान मराठीत कसं लिहू?

आगळवाली
नमस्कार मंडळी. आमचं कोकणातल्या घरगुती पदार्थांचं ऑनलाइन दुकान आहे, आगळ, कुळीथ पीठ, आंबापोळी आणि सीझनला हापूस. साइट वूकॉमर्सवर. जूनमध्ये आंबा संपला की मी पेटीचं प्रॉडक्ट डिलीट करते, पण लोकांनी लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असते, मग कोणी ती उघडली की `Oops! That page can't be found.` एवढंच येतं. सगळी साइट मराठीत आणि नेमकं इथे परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. मी लिहिलंय, "अहो, वाट चुकलात! परत फिरा." नवरा म्हणतो छान आहे, मला खटकतंय पण काय ते कळत नाहीये. रिकामं कार्ट आणि पेमेंट फेल झाल्यावर काय लिहावं तेही सांगा.

सह्याद्री_कोड
Settings मध्ये Permalinks उघडून काही न बदलता Save Changes दाबा, 404 जातो. माझा गेला होता.

आगळवाली
दादा, एरर घालवायचा नाहीये, त्या पानावर काय लिहायचं ते विचारतेय :)

निखिल_पुणे
लिहिताच कशाला, सगळे 404 होमपेजला रिडायरेक्ट करा. प्लगइन मिळतं त्याचं. गुगलला 404 आवडत नाहीत.

शब्दखूण
निखिल, पान दुसऱ्या पत्त्यावर गेलं असेल तर त्या नव्या पत्त्यावर रिडायरेक्ट करणं बरोबरच आहे. पण सगळंच होमपेजवर ढकललं तर गुगल त्याला सॉफ्ट 404 धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं, मग फायदा काही नाही, आणि माणूस पेटी शोधत आलेला, त्याला एकदम होमपेज दिसलं तर आपण कुठे आलो तेच कळत नाही.

ताई, मी दुकानांच्या साइटसाठी लिहिण्याचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर. तुम्हाला खटकतंय ते "चुकलात". लिंक तुम्ही दिली, पान तुम्ही काढलं, आणि चूक मात्र गिऱ्हाइकाच्या माथी. त्यामुळे गंमत करायची तर आपल्यावर किंवा पानावर, आलेल्या माणसावर नाही.

दुसरं म्हणजे हापूसचं पान डिलीटच करू नका. स्टॉक Out of stock करा आणि वर लिहा, "यंदाच्या पेट्या संपल्या. पुढच्या सीझनला कळवू? नंबर देऊन ठेवा. तोवर आंबापोळी आहे." तीच लिंक पुढच्या वर्षी पुन्हा चालेल, ग्रुपवरची सुद्धा.

मग खरं 404 उरतं ते पत्ता चुकीचा टाइप झाला किंवा लिंक अर्धवट कॉपी झाली त्यांच्यासाठी. तिथे माझा खर्डा:

"हे पान आमच्याकडे नाही. केळीचं असतं तर परसातून काढून दिलं असतं."

खाली लगेच शोधायची चौकट आणि चार मालाच्या लिंका. पहिल्या चार शब्दांत काय झालंय ते कळलं पाहिजे, गंमत नंतर, म्हणजे घाईतल्या माणसाने दुसरं वाक्य नाही वाचलं तरी चालतं. पान चढवल्यावर टर्मिनलमध्ये हे करून बघा, पत्ता तुमचा घाला:

```
curl -I https://example.com/kahitari
```

पहिल्या ओळीत 404 दिसायला हवं. 200 दिसलं तर पान दिसायला सुंदर पण गुगलला ते खरंखुरं पान वाटणार. आणि मोबाइलवर बघा, इंग्लिशसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळींमधलं अंतर कमी असतं, मोठ्या अक्षरातल्या वेलांट्या आणि उकार वरखालच्या ओळीला चिकटतात.

मसालेवाली_सातारा
पेमेंटवरून आठवलं. मी एका साइटवरून बरण्या मागवल्या, यूपीआयने 2400 कापले गेले आणि स्क्रीनवर आलं "उप्स, पाकीट विसरलात वाटतं!" इतकी चिडले, परत गेलेच नाही तिथे.

शब्दखूण
अगदी हेच. पैशाच्या पानावर गंमत नको. "पैसे भरणं पूर्ण झालं नाही, ऑर्डर नोंदवलेली नाही. खात्यातून रक्कम गेली असेल तर ती परत येते, 5 दिवसांत नाही आली तर या नंबरवर फोन करा." दुकानाला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाने व्यवहारानंतर 5 दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी, म्हणून तो आकडा. रिकाम्या कार्टला मात्र मोकळं लिहा, "पिशवी रिकामीच आहे. घरातलं आगळ संपत आलंय का, बघा एकदा."

देवगडकर
मालवणीत लिवा ना, "खय चललात?" आमका घरच्यासारख्या वाटतला.

शब्दखूण
गोड वाटेल, पण विदर्भातल्या गिऱ्हाइकाला कळेल का? एखाद्या ठिकाणी चालेल, पैशाच्या आणि डिलिव्हरीच्या मजकुरात नको.

आगळवाली
केळीचं पान घेतलं! curl मध्ये 404 आलं. पेटीचं पान कचऱ्यातून परत काढलं, जुनी लिंक तशीच उघडतेय. मालवणीचं ठरत नाहीये, सासूबाई म्हणतात हवंच, आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं ठाणे-डोंबिवलीची. ऑर्डर मिळाल्याच्या मेसेजमध्ये एक ओळ मालवणी टाकून बघते, कोणाला कळली नाही तर फोन येईलच.