एकाच खुर्चीची दोन तिकिटं: तुमचे अनुभव लिहा

दारावरचा

मी एका नाट्यगृहात बावीस वर्षं डोअरकीपर होतो. आता घरी असतो. परवा नात विचारत होती, "आजोबा, एकाच जागेची दोन तिकिटं निघाली तर तुम्ही कोणाला उठवायचात?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. तुमचंही लिहा. प्रेक्षक म्हणून, बुकिंगच्या खिडकीत बसणारे म्हणून, कसंही.

साल २००५. २६ जुलैचा पूर येऊन गेला होता आणि आमच्याकडचा ३१ जुलैचा रविवारचा प्रयोग रद्द झाला. नाटकाचा ट्रक येऊच शकला नाही. तो प्रयोग ४ सप्टेंबरला, गणपतीच्या आधीच्या रविवारी ठेवला. फलकावर खडूने लिहिलं होतं: "३१ जुलैची तिकिटे त्याच आसनांवर चालतील. पैसे परत हवे असल्यास खिडकीवर भेटावे." ज्यांनी पैसे परत घेतले त्यांच्या खुर्च्या पुन्हा विकल्या. हाऊसफुल्लची पाटी लागली.

दुसरी घंटा झाली आणि जी रांगेतून आवाज चढायला लागला. जी १२ ते १५ वर एक कुटुंब बसलेलं. काठी घेतलेल्या आजी, मुलगा, सून आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. समोर उभे नवरा-बायको आणि दोन मुलगे, डोक्यावर पावसाचं पाणी. दोघांकडे जी १२ ते १५.

अशा वेळी मी पहिली गोष्ट ही करायचो की दोन्हीकडची तिकिटं माझ्या हातात घ्यायचो. तिकीट माणसाच्या हातात असलं की तो ते नाचवतो, मोठ्याने वाचतो आणि आजूबाजूचे वीस जण पंच होतात. तिकिटं घेऊन मी दाराशी दिव्याखाली आलो आणि नेहमीच्या क्रमाने पाहिली: तारीख, वेळ, तळमजला की बाल्कनी, रांग, नंबर. दहातल्या नऊ वेळा घोळ पहिल्या तिनांतच निघतो. दुपारच्या प्रयोगाचं तिकीट घेऊन रात्री आलेले असतात, किंवा बाल्कनीतली जी रांग असते.

इथे बसलेल्यांच्या तिकिटावर ४ सप्टेंबर होतं आणि उभ्या असलेल्यांच्या तिकिटावर ३१ जुलै. बसलेले दादा म्हणाले, "बघा, त्यांचं जुनं आहे." खरं तर हक्क जुन्याचाच पहिला होता. त्या माणसाने पाच आठवडे ती तिकिटं जपली होती. पाकिटात ठेवून घडीवर कागद मऊ पडला होता आणि शाई फुटून नंबर निळसर झाला होता.

तिसरी घंटा व्हायला तीन मिनिटं होती. आजींना उठवून रांगेतून बाहेर काढायचं तर आठ माणसांना उभं करावं लागलं असतं. व्यवस्थापक म्हणाले, मधल्या वाटेत चार खुर्च्या टाका. मी नाही म्हटलं. काही झालं तर त्याच वाटेने नऊशे माणसं बाहेर पडणार. मग ते म्हणाले, तू बघ.

मी एकच गोष्ट पाहत होतो. हाऊसफुल्ल नाटकात प्लॅनवरच्या चुकीने तिकीट दुबार विकलं गेलं असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याच खुर्च्या दुसरीकडे कुठेतरी रिकाम्या असतात. एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलेलं असतं. पण उशिरा येणारे येईपर्यंत ते भोक दिसत नाही. म्हणून मी त्या कुटुंबाला मागच्या भिंतीशी उभं केलं आणि म्हटलं, "मला दहा मिनिटं द्या." धाकट्याने विचारलं, "काका, आम्हाला परत पाठवणार का?" मी म्हटलं, नाही.

पडदा गेला. रंगमंचावरच्या उजेडात पुढच्या रांगांची डोकी दिसतात, तेवढीच माझी मदत. डी रांगेत मधोमध चार डोक्यांची पोकळी होती. डी १२ ते १५. दहा मिनिटं वाट पाहिली, कोणी आलं नाही. पहिल्या काळोखात बॅटरी जमिनीकडे धरून चौघांना तिथे नेऊन बसवलं.

मध्यंतरात प्लॅन मागवला. पैसे परत घेतले होते डी १२ ते १५ वाल्यांनी. खिडकीतल्या माणसाने आत ओरडून सांगितलं असणार "डी बारा ते पंधरा", आणि आत प्लॅन धरून बसलेल्याने ऐकलं "जी". खोडरबराचा पांढरा डाग जी वर होता. डी वरची फुली तशीच.

सगळ्यांना जागा मिळाली. पण हक्क असलेल्या माणसाची दहा मिनिटं उभं राहण्यात गेली आणि नसलेले बसून होते. अजून ठरवता येत नाही की मी बरोबर केलं का.

खिडकीतली ताई

काका, डी आणि जीचं दुखणं आम्हाला पाठ आहे. मी चौदा वर्षं बुकिंगला होते. बी, डी, ई, जी, पी, टी, सगळे फोनवर एकच. एम आणि एन तर विचारू नका. आम्ही "डी दादरचा", "जी गिरगावचा", "एन नागपूरचा" असंच बोलायचो आणि समोरच्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय फुली मारायची नाही.

पुढे ढकललेला प्रयोग हा सगळ्यात घातकी. नवीन कोऱ्या प्लॅनवर जुन्या फुल्या उतरवून घ्यायच्या असतात आणि उतरवताना एक रांग वरखाली झाली की संपलं. म्हणून आम्ही नवा प्लॅन करतच नव्हतो. जुन्याच प्लॅनवर नवी तारीख घालायचो. परत आलेल्या जागेची फुली खोडायची नाही, तिला लाल गोल करायचा, आणि परत घेतलेलं तिकीट त्याच प्लॅनला टाचणीने लावायचं. पुन्हा विकली की गोलात रेघ. मग संध्याकाळी टाचणीतली तिकिटं आणि लाल गोल मोजले की जुळलेच पाहिजेत. तुमच्याकडे खोडरबर वापरला, तिथेच घात झाला. खोडलेल्या जागेला इतिहास राहत नाही.

सांगलीची नाट्यवेडी

माझ्या मते हा डी-जीचा प्रकार नसून आकड्यांचा असतो. हाताने लिहिलेला मराठी १ आणि ९ सारखे दिसतात. आमच्या बाबतीत "११" चं "१९" झालं होतं आणि आम्ही भलत्यांच्या जागी बसलो होतो. शिवाय तिकिटाचा छापील अनुक्रमांक ज्याचा लहान, त्याचं तिकीट आधी विकलेलं, म्हणून जागा त्याची. इतकं सोपं आहे.

खिडकीतली ताई

१ आणि ९ चं अगदी खरं, म्हणून तर आम्ही इंग्रजी आकडे लिहायचो. पण अनुक्रमांकाचं तसं नाही हो. एकाच वेळी दोन-तीन पुस्तकं चालू असतात, एक खिडकीवर, एक निर्मात्याच्या माणसाकडे. त्याच्या पुस्तकातला मोठा नंबर माझ्या लहान नंबरच्या आधी विकलेला असू शकतो. अनुक्रमांकावरून पुस्तक कुणाकडचं हे कळतं, आधी कोण ते कळत नाही.

पुणे-मनमाड

रेल्वेत तर एका बर्थवर दोन तिकिटं सरळ कायदेशीर असतात. आरएसी असलं की साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं. मी एकदा अख्खी रात्र एका गृहस्थांबरोबर अशी काढली. दुसरा किस्सा रात्री १२ वाजून १० मिनिटांच्या गाडीचा. आमच्या जागेवर एक कुटुंब झोपलेलं, आम्ही भांडलो, टीसी आले. चूक आमची होती. शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारची तारीख घातली होती, म्हणजे गाडी आदल्या रात्रीच गेली होती. लहान मुलं होती बरोबर. त्या बाईंनी उठून आमच्या आईला पाय टेकायला जागा दिली, ते विसरलो नाही.

दारावरचा

दादा, मी नाटकाचं विचारलं होतं, पण तुमच्या तारखेचा घोळ आमच्याकडेही यायचा. तिकीट घेताना लोक "उद्याचं" म्हणतात आणि खिडकीवरचा माणूस त्याच्या हिशेबाने उद्या धरतो.

स्क्रीन तीन

मी मल्टिप्लेक्समध्ये दारावर दोन वर्षं काम केलं. आता फुली नाही, स्कॅन आहे. दुबार आलं की यंत्र "आधीच वापरलेले" दाखवतं आणि दुसरं कुटुंब दारातच अडतं. मी पाहिलेल्यात बहुतेक वेळा एकाच माणसाने तिकिटाचा फोटो दोन ठिकाणी पाठवलेला असायचा. एकदा एका मुलाने आई-वडिलांसाठी तिकिटं काढली, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि मावशीच्या घरच्यांना वाटलं आपल्यासाठीच. दोन्ही घरं आली. आधी आलेले आत गेले आणि ज्यांच्यासाठी काढली ते आई-वडील बाहेर. स्कॅनला आधी कोण आलं एवढंच कळतं, तिकीट कोणाचं ते कळत नाही. त्या काकूंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन मावशींना हळूच सांगितलं, त्या लगेच बाहेर आल्या. शेवटी सगळे पुढच्या खेळाला एकत्र बसले.

मधली खुर्ची

मी त्या बसलेल्या दादांच्या जागी होतो एकदा. वेगळं गाव, वेगळं नाटक. आई आजारातून उठली होती आणि वर्षभराने बाहेर पडली होती. समोरचे म्हणत होते तुमचं तिकीट चुकीचं, आणि मला मनातून ते पटत होतं. तरी मी उठलो नाही. त्यांना शेवटी बाल्कनीत पाठवलं. दारावरच्या माणसाने त्यांच्या बाजूने बोलायला हवं होतं का, आईला बघून गप्प बसायला हवं होतं? काका, तुम्ही आजींमुळे थांबलात की तीन मिनिटांमुळे?

खिडकीतली ताई

मी असते तर जुन्या तिकिटवाल्यांनाच बसवलं असतं. आजी असोत की कोणी. एकदा फलकावर लिहिलं "त्याच आसनांवर" की तो शब्द झाला. नव्यांची सोय करणं आमचं काम, आणि उभं राहायचंच तर त्यांनी.

दारावरचा

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी ते खोडत नाही. मधली खुर्ची, खरं सांगतो, आजींमुळे. त्यांनी काठी दोन्ही पायांमध्ये धरली होती आणि नातीच्या हातावर हात ठेवला होता. वेळेचं कारण मी नंतर जोडलं.

मध्यंतरात मी त्या गृहस्थांना प्लॅन दाखवला आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी बोट ठेवून डागाची जागा पाहिली, मग डी वरची फुली पाहिली. धाकटा म्हणाला, "बाबा, इथून तर जास्त जवळ दिसतं." ते काही बोलले नाहीत. तिकिटांची अर्धुकं मात्र माझ्याकडून परत मागून घेतली आणि पुन्हा त्याच पाकिटात ठेवली.