मदत हवी आहे: बोअरची मोटर सुरू झाली की दूरचा सेन्सर अडकतो

संत्र्याच्या बागेत ईएसपी32 वर आय2सीने जोडलेले दोन बीएमई280 सेन्सर आहेत: एक बोर्डाजवळ, दुसरा 12 मीटर नेटवर्क केबलवर. दोन्हींचा पत्ता 0x76 होता. एकाचा एसडीओ 3.3 व्होल्टला जोडून 0x77 केला. छोट्या वायरवर दोन्ही दिसतात, म्हणजे पत्त्याचा घोळ नाही. बागेत 100 किलोहर्ट्झवर दूरचा गायब; 10 वर चालतो, पण मोटर सुरू होताच एसडीए लो राहते.

दोन्ही मॉड्यूलवर 10 किलोओहम पुल-अप, मिळून 5. केबल मीटरमागे अंदाजे 50 पिकोफॅरड धरली तर 600 होतात, मर्यादा 400. एसडीए, एससीएल वेगळ्या जोड्यांत, प्रत्येकीसोबत ग्राउंड. बोर्ड हलवता येत नाही, विजेची लाइन तिथेच आहे.

बोर्डाजवळ 2.2 किलोओहम जोडून 10 किलोहर्ट्झवरच ठेवलं तर मोटरचा त्रास थांबेल, की बफर किंवा आरएस485 लागेलच?