मदत हवी आहे: चढावर पेट्रोल गाडी झटके मारते
घोडबंदरला गायमुखच्या चढावर थर्डमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते आणि झटके मारते, चेक इंजिन लाईट ब्लिंक होतो, पण सपाट रस्त्यावर हळू चालवली तर एकदम स्मूथ. स्कॅनरवर P0302 येतो, म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिसफायर. त्याची कॉइल तीन नंबरला लावून बघितली, कोड दोनलाच राहिला, म्हणजे कॉइल ठीक असावी, प्लगही चारही नवीन टाकलेत. गॅरेजवाले फ्युएल पंप बदला म्हणतायत, पण प्रेशर कमी असतं तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते ना, एकच कसा? मला इंजेक्टरवर संशय आहे. आधी इंजेक्टर अदलाबदल करून बघू की कॉम्प्रेशन टेस्ट? ठाण्यात इंजेक्टरचा फ्लो मशीनवर नीट चेक करून देणारं कोणी माहितीये का?