मदत हवी आहे: मधल्या सुट्टीनंतरचा गोंगाट आणि कुणाला न लागणारा विनोद

गिरणाकाठ
जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात आठवीचा वर्गशिक्षक आहे. पट 58. मधल्या सुट्टीनंतरचा तास माझा, गणिताचा. खिचडी खाऊन, मैदानावर धावून आलेली पोरं, वर पत्रे, दोनपैकी एक पंखा बंद. पहिली सात-आठ मिनिटं वर्ग म्हणजे आठवडी बाजार. डस्टर आपटून पाहिलं, आता पोरं त्यावर ताल धरतात.

विनोद केला की वर्ग पटकन हाताशी येतो, हे मला माहीत आहे. घोळही तिथेच झाला. दिवाळीआधी मोठ्या आवाजाच्या एका पोराला म्हणालो, "तुला भुसावळ स्टेशनवर नोकरी पक्की रे, भोंगा लावायचीच गरज नाही!" वर्ग हसला, तोही हसला, शांतता झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव भोंगा पडलं. आता वाचायला उठवलं तर "घसा बसलाय सर" म्हणतो. दोन महिने कुणाचा घसा बसतो का?

असे विनोद हवेत, ज्यात कुणाचं नाव, आवाज, रंग, मार्क, काहीच येणार नाही. तत्त्व नको, नेमके शब्द सांगा.

हास्यकल्लोळ_धुळे
सर, माझ्याकडे दोनशे चुटक्यांची पीडीएफ आहे. बंड्या-गुरुजी, नवरा-बायको, सगळं आहे. मागच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन त्यावरच केलं. पाठवू का?

गिरणाकाठ
भाऊ, आभार, पण मला सूत्रसंचालन नाही करायचं, अपूर्णांक शिकवायचेत.

निवृत्त_फळा
सर, एकतीस वर्षं वर्गावर काढली. तुमचा विनोद वाईट नव्हता, फक्त तो एका पोराच्या अंगावर पडला. तोच भुसावळ जंक्शन घ्या आणि पोराऐवजी तासालाच गाडी करा.

फळ्यापाशी उभं राहून, रोजच्यापेक्षा हळू आवाजात, अगदी स्टेशनवरच्या बाईच्या चालीत:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मधल्या सुट्टीहून गणिताकडे जाणारी गाडी क्रमांक आठवी-ब, आपल्या निर्धारित वेळेपेक्षा चार मिनिटे उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या आनंदाबद्दल फळ्याला खेद आहे."

यात हसू येतं ते शेवटच्या वाक्याला. म्हणून पुढच्या दोन बाकांना "काय म्हणताहेत सर" असं होतं आणि तीच पोरं मागच्यांना शूऽऽ करतात. गप्प करायचं काम तुम्हाला करावं लागत नाही. मोठ्याने म्हणाल तर गोंगाटावर आणखी एक गोंगाट.

खरी चूक होते ती पुढे. पोरं हसली की आपणही खूश होऊन दुसरा विनोद सांगतो. तिथे वर्ग गेला! हसू ओसरायला लागलं, पूर्ण थांबायच्या आत, त्याच हळू आवाजात एकच काम सांगायचं: "वही. तारीख. पहिलं उदाहरण." हात कामाला लागले की तोंड आपोआप कमी चालतं. काम फळ्यावर आधीच लिहून ठेवा. हसू थांबल्यावर तुम्ही खडू शोधत बसलात तर विनोद फुकट.

चाळीसगावकर_मॅडम
मी सरळ उपाय करते. सगळ्यात मस्तीखोर पोरालाच पुढे बोलावून म्हणते, सांग बाबा विनोद. त्याची जिरते आणि वर्ग ऐकतो. सर, ती गाडीची घोषणा त्या भोंग्यालाच करायला लावा ना! त्याचा आवाजही कामी येईल आणि चिडवणंही बंद होईल.

निवृत्त_फळा
मॅडम, पोराला मान मिळावा हे तुमचं बरोबर. पण "जिरते" म्हणालात ना, ते पोरांनाही कळतं. आणि ज्याला भोंगा म्हणतात त्याच्याच हाती घोषणा दिली, तर नावावर सरांचा शिक्का बसला. आधी एकट्याला गाठून विचारा, आणि तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. शिवाय शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये माराबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. "गंमतच केली" म्हटल्याने पोराच्या मनाला लागलेलं निघत नाही.

चाळीसगावकर_मॅडम
कायदा कशाला मध्ये आणता? माझी पोरं आजही भेटायला येतात.

सातपुडा_पायथा
मी धडगाव तालुक्यात. आमच्याकडे रेल्वे नाही, निम्म्या पोरांनी स्टेशन पाहिलेलं नाही, त्यामुळे ही घोषणा पडली असती. एस. टी. मात्र सगळ्यांना पाठ. एक बेल थांबा, दोन बेल चला. मी डस्टरच्या लाकडी पाठीवर पेनाने एक टक करते आणि म्हणते, "कंडक्टर दमला, आवाज चढलेला आहे, गाडी हलत नाही." शांतता झाली की टक-टक, आणि लगेच शिकवायला सुरुवात. दुसऱ्या आठवड्यात बोलावंही लागलं नाही.

एक सांगते. आमच्याकडे पावरी बोलणारी पोरं आहेत, तुमच्याकडे अहिराणी असेल. वर्गाशी अहिराणीत बोला, खुशाल बोला. "काय चाली राहिनं भो?" म्हटलं की पोरं दचकून गप्प होतात, सर आपलं बोलले म्हणून. पण पोराच्या बोलण्याची नक्कल करून हशा घेऊ नका. तो घरी जसं बोलतो, त्यावर वर्ग हसला असं त्याला वाटतं.

छोटी_शाळा
माझी दुसरी आहे हो. मी म्हटलं, "आवाज कमी करा, फळ्याचे कान दुखताहेत." एक पोरगी उठली, फळ्यावरून हात फिरवला आणि विचारते, "मॅडम, कान कुठाय?" मग सगळे फळ्याचे कान शोधायला! लहानांसाठी काय करायचं, कुणी सांगेल का?

निवृत्त_फळा
छोटी_शाळा, दुसरीला उपरोध कळत नाही, सगळं खरंच वाटतं. तिथे खेळच बरा. गिरणाकाठ सर, एक राहिलं. तोच विनोद तीन-चार वेळा झाला की पोरं तो आपल्याआधी म्हणतात, मग बंद करायचा. थोडा टिकवायचा असेल तर उशिराची मिनिटं रोज खरी सांगा. आज किती, हे ऐकायला थांबतात.

गिरणाकाठ
आठवडा झाला, सांगतो. सोमवारी घोषणा केली. पहिल्या वाक्याला पुढचे दोन बाक थांबले, "खेद आहे"ला वर्ग हसला. "वही. तारीख." म्हणालो, आणि दोन मिनिटांत पहिलं उदाहरण सुरू. मंगळवारीही जमलं. बुधवारी मी दुसराही विनोद सांगितला, सवयच आहे, आणि दहा मिनिटं गेली. गुरुवारी अख्ख्या वर्गाने एका सुरात "खेद आहे" म्हणून घेतलं, शेजारच्या वर्गातून निरोप आला. आता डबल बेल करून पाहीन.

त्या पोराला सुट्टीत एकट्याला सांगितलं, ते नाव माझ्यामुळे पडलं, चुकलं माझं. तो "बरं सर" म्हणाला आणि पाण्याच्या टाकीकडे गेला. घोषणेचं काही विचारलं नाही, धीर झाला नाही. पण काल मी "चार मिनिटे उशिराने" म्हणालो तर मागून हळूच आवाज आला, "सहा, सर. तुमचं घड्याळ मागे आहे." तोच होता. एकाने "भों" म्हणायला सुरुवात केली, मी लगेच "वही काढा" म्हणून पुढे गेलो.

सोमवारी त्याला वाचायला उठवू, की आणखी थांबू?

सातपुडा_पायथा
थांबा. मिनिटं त्यालाच विचारत जा, बसल्या जागेवरून.

चाळीसगावकर_मॅडम
उठवा हो, किती दिवस जपणार?