अनुभव धागा: ‘आपण एकत्र पेपर करू का?’ अशी मेल अनोळखी प्राध्यापकांना कधी टाकलीत का?

माझा मसुदा तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून आहे. तुमचं काय झालं ते लिहा, फसलेलंही चालेल.

मृण्मयी: पहिली मेल दोन पानी होती. उत्तर शून्य. दुसऱ्या प्राध्यापकांच्या पेपरचा डेटा खुला होता: पक्ष्यांच्या अंडी घालण्याच्या तारखा आणि तापमान, चाळीसेक ठिकाणं. त्यांचं गणित पुन्हा केलं, आकडा जुळला. मग एकेक ठिकाण वगळून बघत गेले, तर एक काढलं की परिणाम निम्म्यावर येई. ते सगळ्यांत उंचावरचं ठिकाण. मेलमध्ये एवढंच लिहिलं, की तुमचा आकडा मलाही आला, हे ठिकाण काढल्यावर असा बदलतो, उंचीचा संबंध असेल का? माझ्याकडे उंचावरच्या सहा ठिकाणांच्या नोंदी आहेत, वीस मिनिटं बोलता येईल का? आलेख मेलमध्येच चिकटवला. अनोळखी माणसाची अटॅचमेंट कोण उघडतं! आधी ‘तुमच्या पेपरमधली चूक’ असं लिहिलं होतं, मैत्रिणीने खोडायला लावलं. वाचले. पहिल्याच कॉलवर ते म्हणाले, तिथला तापमापक मध्येच बदलला होता. माझी उंचीची कल्पना तिथेच आपटली. पेपर झाला, पण तापमापक बदलल्याने काय होतं यावर. नावांचा क्रम दुसऱ्या कॉलनंतर मेलवर लिहून ठेवला.

केदार: सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना असंच पत्र टाकलं आणि दोघांचा एकत्र पेपर आला ना!

सुनीता (प्राध्यापक): नाही हो. १९२४चा तो पेपर एकट्या बोस यांच्या नावावर आहे. आइनस्टाइननी जर्मन भाषांतर करून छापायला पाठवला आणि खाली टीप जोडली. माझ्याकडे येणाऱ्या मेलांत बऱ्याचदा माझं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये असतं. म्हणजे तीच मेल पन्नास जणांना गेलेली. ‘कोणत्याही विषयावर काम करेन’ दिसलं की मी पुढे वाचत नाही. बाकी सगळं ठीक असेल तर पहिला प्रश्न, तुमच्या गाइडना माहीत आहे का? डेटा बहुतेक वेळा त्यांच्या प्रकल्पाचा असतो.

ओंकार: पीएचडी प्रवेशासाठी मी साठ मेल टाकल्या, चार उत्तरं आली.

मृण्मयी: ओंकार, ते वेगळं. तिथे आपण जागा मागतो.

अनामिक: मी अख्खी पद्धत लिहून पाठवली होती. उत्तर नाही. वर्षभराने त्याच गटाचा तसाच पेपर आला. चोरलं म्हणायला पुरावा नाही, पण तेव्हापासून मी फक्त निष्कर्षाचा आलेख दाखवते, पद्धत नाही.

सुनीता (प्राध्यापक): त्यांचं काम आधीच सुरू असेल, असंही होतं. पण पद्धत लपवलीत तर मी आलेखावर विश्वास कसा ठेवू?

अनामिक: प्रीप्रिंट टाकून मग लिहिलं तर?

मृण्मयी: मग एकत्र करायला उरतं काय?

धागाकर्ती: गाइडना अजून सांगितलेलंच नाही. आधी ते करते.