भाडेकरू दोघं, राहतात चौघं: नोटीस कशी द्यावी?

टिळकवाडीकर: वरचा मजला दोन पोरांना दिलाय, जूनपासून अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भाडं नऊ हजार. दोघंच राहणार, आणि पाहुणा सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहणार असेल तर आधी विचारायचं असं त्यात लिहिलंय. ऑगस्टपासून आणखी दोघं गाद्या घेऊन आलेत, शनिवारी रात्री जिन्यावर आठ-नऊ जोड चपला असतात, पाचशे लिटरची टाकी सकाळी सातला खडखडीत. बाबा म्हणतात आठ दिवसांत घर खाली करा अशी नोटीस देऊ. मला ते जास्त वाटतंय. काय करावं?

खासबागचा: जास्त काय त्यात? अट मोडली की अ‍ॅग्रीमेंट संपलं. दोन दिवस पाणी बंद करा, आपोआप जातात बघा. आणि रेंट अ‍ॅक्टमध्ये पोटभाडेकरू ठेवला तर घर परत घेता येतं, सरळ लिहिलंय.

कोर्टाजवळचा: पोटभाडेकरूचं बरोबर आहे, खरं तो रेंट अ‍ॅक्ट इथं लागूच होत नाही. महिना साडेतीन हजारांच्या वर भाडं असलं की कर्नाटकचा १९९९ चा कायदा बाजूला राहतो आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो. त्यात कलम ११४अ आहे. अट मोडली म्हणून घर परत मागायचं असेल तर आधी लेखी सांगायचं की कुठली अट मोडली, आणि ती चूक सुधारता येण्यासारखी असेल तर सुधारायला वाजवी वेळ द्यायचा. जादा माणसं बाहेर जाऊ शकतात, म्हणजे सुधारता येतेच की. पहिल्याच कागदात "आठ दिवसांत घर खाली करा" लिहिलं तर पुढं कोर्टात तोच कागद तुमच्या अंगावर येतो. आणि पाणी बंद करू नका हो, पोरं स्टे आणतील आणि मूळ मुद्दा राहील बाजूला. अजून एक, अट मोडल्यास घर परत घेता येईल असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय का ते बघा. नसेल तर अकरा महिने संपायच्या आधी नुसत्या या कारणावर बाहेर काढणं अवघड आहे.

निपाणीची पोर: मी भाड्यानं राहते म्हणून सांगते, परीक्षेला आलेला भाऊ चार रात्री राहिला तर तो काय पोटभाडेकरू होतो का? नऊ हजार देतो, घर आमचं नाही का तेवढे दिवस? गेल्या वर्षी आमचे मालक रात्री दहाला दार वाजवून माणसं मोजायचे, मला झोप यायची नाही. नोटीस द्या, खरं मोजायला वर जाऊ नका.

खानापूरच्या काकू: माझं पीजी आहे, आठ मुली. प्रत्येकीचं आधार घेते, पोलीस स्टेशनला यादी देते. तुम्ही त्या नव्या दोघांची कागदपत्रं घेतली का?

टिळकवाडीकर: काकू, कागदपत्रं घेतली तर त्यांना आम्हीच ठेवून घेतल्यासारखं होईल ना? आणि परत घ्यायची ओळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे, आत्ताच बघितली. खरं सप्टेंबर आणि ऑक्टोबरचं भाडं बाबांनी हातात घेतलंय, दोघं जादा आहेत हे माहीत असताना.

कोर्टाजवळचा: तोच कच्चा दुवा आहे. मोडलेली अट माहीत असून पुढचं भाडं गुपचूप घेतलं की ती माफ केली असं पोरांचा वकील म्हणणार, कलम ११२ वर बोट ठेवून. म्हणून मागचं उकरू नका, आजपासूनचं बोला. अशी लिहा:

"अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे घरात दोघंच राहायचं ठरलं आहे. सध्या आणखी दोन जण कायम राहत आहेत आणि त्यांना आमची लेखी संमती नाही. या कागदाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत त्यांनी दुसरीकडे सोय करावी. त्यांच्यापैकी एकाला ठेवायचं असल्यास नाव आणि ओळखपत्र देऊन लेखी विचारावं, पाण्याचा विचार करून आम्ही कळवू. तीन रात्रींपर्यंतच्या पाहुण्यांना हरकत नाही. पंधरा दिवसांनंतर हेच चालू राहिल्यास अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे घर परत घेण्याची कारवाई करू."

धमकी नाही, तारीख आहे. पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा, आणि एक प्रत पोरांच्या हातात देऊन सही घ्या. गाद्या किती, चावी कुणाकडे, सामान कुणाचं हे महत्त्वाचं. पाहुण्याकडे वेगळी चावी नसते. जो कायम राहतो, चावी बाळगतो, भाड्यात हिस्सा देतो, त्याचा विषय वेगळा.

खासबागचा: पंधरा दिवस? आमच्या माणसानं पंधराचे चार महिने केले. नोव्हेंबरचं भाडं घ्यायचं की नाही ते सांगा आधी.

कोर्टाजवळचा: नोटीस आधी जाऊ दे. मग भाडं खात्यात येऊ दे, आणि त्याच दिवशी मेसेज करा की जादा माणसांना संमती दिलेली नाही. एवढ्यानं कलम ११२ पूर्ण टळतं असं मी छातीठोक सांगणार नाही, आमच्या दोन वकिलांचंच यावर जमत नाही. अ‍ॅग्रीमेंट दाखवूनच ते ठरवा.

निपाणीची पोर: आणि शनिवारचे ते आठ-नऊ जण? ते तर एकच रात्र राहतात, अट मोडत नाही.

टिळकवाडीकर: हो, त्याचंच कोडं आहे. त्याबद्दल नोटिशीत काही लिहिणार नाही, टाकीचं मात्र मी स्वतः वर जाऊन बोलतो, दिवसा.