एका दिवसात पाच फ्लॅट : दोघांची आवड वेगळी असताना घर पाहिलेल्यांनी अनुभव लिहा

गवतीचहा

पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, बजेट नव्वद लाखांपर्यंत. माझं ऑफिस शिवाजीनगरला, नवऱ्याचं हिंजवडीला. मला मेट्रोच्या जवळ आणि उजेडाचं घर हवंय. त्याला मोठं घर आणि हक्काचं पार्किंग हवंय. गेल्या शनिवारी एजंटने सकाळी दहा ते सात या वेळात पाच घरं दाखवली.

पहिलं कोथरूडमध्ये, पंचवीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलच्या खिडकीत पाय ठेवायला जागा नव्हती इतकं ऊन आलेलं. मी तिथेच थांबले असते, पण नवरा खाली जाऊन आला आणि म्हणाला, "अगं, पार्किंग नाहीच. गाड्या रस्त्यावर लावतात." दुसरं वाकडला, अगदी हायवेला लागून. खिडकी उघडल्यावर एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, पाच मिनिटांत निघालो. दुपारी एकला बावधन. नवऱ्याचा चेहरा खुलला : दोन लिफ्ट, कव्हर्ड पार्किंग आणि एजंटच्या म्हणण्याप्रमाणे 980 स्क्वेअर फूट. कोथरूडचं 820. "सर, दोन लाख जास्त देताय आणि एकशे साठ फूट जास्त घेताय," असं तो लिफ्टमध्ये म्हणाला. मग पुनावळ्याला बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातलं सँपल घर, आणि शेवटी वनाझच्या मेट्रो स्टेशनजवळचं एक सुंदर घर, किंमत एक कोटी पाच लाख. ते पाहून बाहेर पडल्यावर बावधन एकदम स्वस्त वाटायला लागलं. गाडीत बसल्याबसल्या एजंट म्हणाला, "मॅडम, रात्री दुसरी पार्टी येतेय. एक लाख टोकन देऊन ठेवा."

आम्ही दिलं नाही, पण त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. तुमच्या वेळी कसं झालं? एजंट घरं मुद्दाम अशा क्रमाने दाखवतात का? दोघांनी मिळून कसं ठरवलंत?

पाटलांची लेक

आमचं ठाण्यात झालं, तीन वर्षांपूर्वी. टोकन दिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. आम्ही संध्याकाळी सातला दमलेल्या अवस्थेत 51 हजार दिले, कागद काहीच नाही. नंतर बँकेने कर्ज नाकारलं, कारण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. मालक म्हणाले, तुम्ही माघार घेताय, टोकन परत मिळणार नाही. चार महिने फोन करून अर्धे पैसे हातात आले. टोकन देणारच असाल तर कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागद अपुरे निघाल्यास पूर्ण रक्कम परत, एवढं तरी मालकाच्या सहीने लिहून घ्या.

दुपारची झोप

डोंबिवलीत आम्हालाही एजंटने एका दिवसात सहा घरं दाखवली होती. अकरा महिन्यांचा करार आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून गेलं. "स्टेशनपासून सात मिनिटं" म्हणाला होता, ती त्याच्या बाइकची सात मिनिटं निघाली. मला रोज पंचवीस मिनिटं चालावं लागायचं. भाड्याने घेताना डिपॉझिट कमी करून मागा, देतात.

गवतीचहा

आम्ही विकत घेतोय हो, पण बाइकचं लक्षात ठेवते. वनाझचं घर पाहायलाही आम्ही एजंटच्या गाडीतूनच गेलो.

कायद्याचं बोला

ते 980 आणि 820 फूट म्हणजे जिना-लॉबी धरून काढलेला सेलेबल एरिया असणार. तो सांगणं हेच मुळात बेकायदेशीर आहे. रेरा कायदा आल्यापासून फक्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, सांगावा लागतो. त्या एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराकडे सरळ तक्रार ठोका.

चौदा वर्षं याच धंद्यात

मी स्वतः एजंट आहे, पुण्यातच. वरचं अर्धं बरोबर आहे. बिल्डरने नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकताना कार्पेटवरच विकायचा, आणि तिथे एजंटलाही नोंदणी लागते. पुनावळ्याच्या घराला ते लागू आहे. पण रेरापूर्वी पूर्ण झालेल्या इमारतीतला फ्लॅट एक माणूस दुसऱ्याला विकतो, तेव्हा बाजारात अजून सेलेबलच बोललं जातं. तक्रार करून तिथे काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा मूळ करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा, मागा. त्यात क्षेत्रफळ असतं, फक्त कार्पेट लिहिलाय की बिल्टअप ते नीट वाचा. आणि स्वतः टेप लावा. रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट लिहिला असेल तर खोल्यांची बेरीज त्यापेक्षा थोडी कमी येईल, कारण आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात.

आता घरं दाखवण्याच्या क्रमाबद्दल. आम्ही क्रम लावतो, हे खरं आहे. पहिल्या घरात मी घर दाखवत नाही, माणसं बघतो. ताई खिडकी उघडतात की ओटा बघतात, दादा खाली पार्किंगला जातात का. दोघांची आवड वेगळी दिसली की एक घर तिचं, एक घर त्याचं आणि मधलं एक असं दाखवायचं. शेवटी बजेटबाहेरचं दाखवलं की मधलं परवडणारं वाटतं. पण प्रत्येक वेळी डाव नसतो. किल्ली कुणाकडे, भाडेकरू घरी कधी, मालक नाशिकहून कधी येणार, यावरही क्रम ठरतो. बावधनचं घर दुपारी दाखवलं ते कदाचित म्हणूनच. आणखी एक : नव्या प्रकल्पात आमचं कमिशन बिल्डर देतो आणि ते बहुतेकदा रीसेलपेक्षा जास्त असतं. पुनावळ्याचा आग्रह झाला असेल तर हे डोक्यात ठेवून ऐका.

बावधनला सकाळी सातला आणि रात्री दहाला परत जा. एजंटला न सांगता. वॉचमनशी बोला.

गवतीचहा

दादा, तुमचं वाचून काल दोन्ही घरांचे करारनामे मागवले. बावधनचा कार्पेट 672 आहे, कोथरूडचा 655. म्हणजे एकशे साठ फूट नव्हेच, सतरा फूट जास्त! बाकी सगळं जिना, लॉबी, क्लबहाऊस. बावधनचे 88 लाख 980 ने भागले तर फुटाला नऊ हजारांच्या आत पडतात आणि कोथरूडचे 86 लाख 820 ने भागले तर साडेदहा हजारांच्या आसपास. म्हणून ते स्वस्त वाटत होतं. कार्पेटने भागलं तर दोन्ही तेरा हजार शंभरच्या आसपास. नवऱ्याने दोनदा हिशोब केला आणि गप्प बसला.

आज सकाळी सातला बावधनला गेलो. गेटवर पाण्याचे दोन टँकर उभे होते. वॉचमनकाका म्हणाले, उन्हाळ्यात रोज येतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, ते सोसायटीच्या ऑफिसात विचारायचं राहिलं. पार्किंग मात्र खरंच प्रशस्त आहे, हे मलाही मान्य.

पाटलांची लेक

मग कोथरूडच घ्या ना! माझे आई-बाबा वर्षानुवर्षं जिने चढतातच.

चौदा वर्षं याच धंद्यात

इतक्या लवकर नको. पंचवीस वर्षांची, लिफ्ट नसलेली इमारत म्हणजे पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली असेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. बिल्डर नेमला असेल तर घर घेतल्यावर काही महिन्यांत भाड्याने राहायला जावं लागेल, बँकही जास्त चौकशी करेल. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स, तेही विचारा.

गवतीचहा

सेक्रेटरी काका रविवारी अकराला भेटतायत. नवराही येतोय. तो म्हणतो, पुनर्विकास होणार असेल तर पार्किंग मिळेल. मी म्हणतेय, मग ते ऊन राहील का? समोर उंच इमारत उभी राहिली तर? यावर आमचं एकमत झालेलं नाही.